लिटरेचर रिव्ह्यू सालाप्रमाणे लावला तरी 'ही नुसती यादी आहे' असा शेरा येतोय? तर मग हे वाचा

हा प्रॉब्लेम इतक्या लोकांना येतो की शेवटी एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवता येईल.

लक्षणं अशी. रिव्ह्यू आधी विषयवार होता, गाईड म्हणाले "या क्षेत्रात विचार कसा बदलत गेला ते दिसत नाही, क्रोनोलॉजिकल करा". तुम्ही रेफरन्स मॅनेजरमधे तारखेच्या कॉलमवर क्लिक केलंत, पेपर जुन्यापासून नव्यापर्यंत लागले, त्याच क्रमाने प्रत्येकावर दोन-तीन वाक्यं लिहिलीत, आणि ड्राफ्ट परत आला, मार्जिनमधे "ही यादी झाली". माझा स्वतःचा एमएस्सीच्या डिझर्टेशनचा रिव्ह्यू असा दोनदा परत आला होता. दुसऱ्या वेळी तर मी फक्त "त्यानंतर" आणि "पुढे" हे शब्द पेरून दिला होता, ते लगेच पकडलं गेलं.

कारण साधं आहे. साल हा पेपरचा पत्ता आहे, विचार पुढे का सरकला ते साल सांगत नाही. १९४० नंतर १९५४ येतं हे कोणालाही माहितीये, पण १९५४ च्या पेपरने १९४० च्या पेपरचं काय केलं (मानलं, खोडलं, की बघितलंच नाही) हे तुम्ही लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला ते कुठून कळणार.

आधी तपासून घ्या की तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का. रिव्ह्यूमधले शेजारचे दोन परिच्छेद निवडा, त्यांची अदलाबदल करा, आणि सलग वाचा. सालं सोडून बाकी काहीच खटकत नसेल तर तुमच्याकडे क्रम आहे पण इतिहास नाही. नीट लिहिलेल्या रिव्ह्यूत अदलाबदल केली की लगेच वाक्यं लंगडी पडतात, कारण दुसरा परिच्छेद पहिल्यातल्या कुठल्यातरी अडचणीवर उभा असतो.

आता माझंच उदाहरण घेते. विषय होता पेप्टिक अल्सरच्या कारणांबद्दलचे विचार. माझा पहिला ड्राफ्ट साधारण असा होता:

"श्वार्ट्झ (१९१०) यांनी अल्सरसाठी आम्ल आवश्यक असल्याचे सांगितले. फ्रीडबर्ग आणि बॅरन (१९४०) यांना मानवी जठरात सर्पिल जिवाणू आढळले. पामर (१९५४) यांना असे जिवाणू आढळले नाहीत. वॉरेन आणि मार्शल (१९८३) यांनी जिवाणूंचा शोध लावला. मार्शल आणि सहकारी (१९८५) यांनी जिवाणू प्राशन केल्यावर अल्सर झाल्याचे दाखवले."

वाचायला ठीक वाटतं ना? यात एक सरळसरळ चूक आहे, एक अर्धसत्य आहे, आणि मुख्य गोष्ट गायबच आहे. एकेक सांगते.

पहिलं काम म्हणजे लिहायचं थांबवून एक टेबल करणं. टेबल सगळेच करतात, पण त्यात लेखक, साल, पद्धत, निष्कर्ष एवढंच असतं, आणि यादी तिथूनच जन्माला येते. मी निष्कर्षाचा कॉलम ठेवला आणि अजून तीन जोडले. या पेपरच्या आधी लोक काय मानत होते, हा पेपर नेमका कोणाला उत्तर देतोय, आणि हे तेव्हाच का शक्य झालं (नवीन उपकरण, नवीन रंग देण्याची पद्धत, नवीन औषध, काहीही). या तिनांतल्या दुसऱ्या कॉलमसाठी पेपरची प्रस्तावना आणि डिस्कशन खरंच वाचावं लागतं, ॲबस्ट्रॅक्टवर भागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्याकडे चाळीसेक पेपर होते आणि याला आठवडाभर गेला. पण सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही, ज्या पेपरचा दुसरा कॉलम रिकामा राहतो तो बहुतेक वेळा वळणाचा पेपर नसतो, आधीच्यालाच दुजोरा देणारा असतो, त्याला परिच्छेद द्यायचा नाही, कंसात इतरांबरोबर बसवायचा.

टेबल भरताना माझ्या लक्षात आलं की पामरची ओळ विचित्र आहे. १९४० मधे फ्रीडबर्ग आणि बॅरनना ऑपरेशनमधे काढलेल्या जठराच्या तुकड्यांत सर्पिल जिवाणू दिसले होते. १९५४ मधे पामरने हजाराहून जास्त लोकांच्या जठराच्या बायोप्सी बघितल्या आणि त्याला एकातही दिसले नाहीत. मी लिहिलं होतं "आढळले नाहीत", आणि पुढे गेले होते. पण का आढळले नाहीत? फ्रीडबर्ग-बॅरननी तुकडे रंगवायला चांदीचा स्टेन वापरला होता, पामरने नेहमीचा हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, ज्यात हे जंतू सहजासहजी नजरेत भरत नाहीत. म्हणजे दोघं एकाच गोष्टीकडे वेगळ्या चष्म्यातून बघत होते. आणि पामरचे पेशंट इतके जास्त होते की "आधीचे जिवाणू म्हणजे बाहेरून आलेली भेसळ" हे लोकांना पटलं आणि तो धागा जवळपास पंचवीस वर्षं थंडावला. १९७९ मधे ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधे वॉरेनने पुन्हा चांदीचाच स्टेन वापरला, आणि शिवाय तोवर लवचिक एंडोस्कोप आल्यामुळे जिवंत माणसाच्या जठरातले ताजे तुकडे रोज लॅबमधे येत होते.

ही ती गायब असलेली गोष्ट. माझ्या यादीत १९५४ आणि १९८३ च्या मधे फक्त एक पूर्णविराम होता, आणि खरा इतिहास त्या पूर्णविरामात होता. म्हणून मी सगळ्यांना सांगते, टेबलमधल्या लांब मोकळ्या जागा आधी बघा. वीस-पंचवीस वर्षांचं अंतर दिसलं की दोनच शक्यता. एक तर तुमचा सर्च अर्धवट आहे, नाहीतर तिथे खरंच काहीतरी अडलं होतं आणि ते का अडलं हे लिहिणं तुमचं काम आहे.

सर्च अर्धवट असण्याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे नाव बदलणं. आपण आजचं नाव टाकतो. या सर्पिल जंतूचं हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव १९८९ चं आहे, त्याआधी हाच जंतू कॅम्पायलोबॅक्टर पायलोरी होता, आणि त्याच्याही आधी पायलोरिडिस. म्हणजे फक्त आजच्या नावाने शोधलं तर ज्या पाच-सहा वर्षांत सगळी उलथापालथ झाली नेमके तेच पेपर हातातून निसटू शकतात, डेटाबेस कधी आपणहून जुनी नावं जोडतो कधी नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. मी नंतर हे टाकलं:

```
"Helicobacter pylori" OR "Campylobacter pylori" OR "Campylobacter pyloridis"
```

आणि १९४० च्या आसपासचं काम तर असं मिळतच नाही, कारण तेव्हा या जंतूला नाव नव्हतं, लोक त्याला नुसतं स्पायरोकीट म्हणायचे. ते फक्त रेफरन्स लिस्टमधून मागे मागे जाऊन मिळतं. १९८३-८४ चे पेपर उघडा, ते कोणाला साइट करतात ते बघा, मग ते पेपर उघडा. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही. तुमच्या विषयात जंतू नसेल, पण जी संज्ञा तुम्ही वापरताय ती कधी आली आणि त्याआधी लोक त्याच गोष्टीला काय म्हणायचे, हा प्रश्न प्रत्येक विषयात विचारावाच लागतो.

आता तारखांचा घोळ. सॉफ्टवेअर जे साल दाखवतं ते छापल्याचं साल. काम कधी झालं ते वेगळं, आणि लोकांनी ते कधी मानलं ते तिसरंच. वॉरेनला जंतू दिसले १९७९ मधे, मार्शलबरोबर कल्चर जमलं १९८२ मधे (आधीच्या प्लेट दोन दिवसांत वाढ नाही म्हणून टाकून देत होते, ईस्टरच्या सुट्टीत एक प्लेट जास्त दिवस राहिली आणि त्यात जंतू वाढलेले दिसले), पहिली पत्रं लॅन्सेटमधे आली १९८३ मधे, पूर्ण पेपर १९८४ मधे. मार्शलने जंतू प्यायले १९८४ मधे, छापून आलं १९८५ मधे. नोबेल २००५. आता यातलं कुठलं साल घ्यायचं?

माझा नियम असा आहे की रिव्ह्यूचा क्रम छापल्याच्या सालावर, कारण बाकीच्या शास्त्रज्ञांना ते कळलं तेव्हाच विचारावर परिणाम होऊ शकतो, आणि काम आधीचं असेल तर ते वाक्यात सांगायचं. "१९८२ मधे केलेले हे काम १९८४ मधे प्रसिद्ध झाले" एवढं पुरतं. नोबेलच्या सालाने क्रम लावायचा नाही, पण हे मी एकापेक्षा जास्त ड्राफ्टमधे बघितलंय, जणू २००५ मधे शोध लागला. अजून एक झोल पुनर्मुद्रण आणि भाषांतरांचा. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक तुम्ही ज्या आवृत्तीत वाचलं तिचं साल १९६० असेल तर सॉर्ट करताना ते १९६० मधे जाऊन बसतं आणि स्वतःच्याच टीकाकारांच्या नंतर येतं! झोटेरो वापरत असाल तर त्या नोंदीच्या एक्स्ट्रा फील्डमधे मूळ साल टाकून ठेवा:

```
Original Date: 1910
```

एपीए स्टाइलमधे मग दोन्ही सालं तिरप्या रेघेने येतात. फक्त हे टाकलं म्हणून लायब्ररीचं सॉर्टिंग बदलत नाही, क्रम तुम्हालाच लावायचाय.

आणि रिव्ह्यू पेपरवरून उचललेली विधानं! "अल्सर पूर्वी स्ट्रेसमुळे होतो असे मानले जाई" आणि पुढे कंसात २०१२ चा कुठलातरी रिव्ह्यू. पूर्वी म्हणजे कधी? कोण मानत होतं? मूळ पेपर शोधा, नाही मिळाला तर ते विधान ज्या काळातलं आहे त्या काळाच्या भागात ठेवून दुय्यम संदर्भ आहे हे स्पष्ट लिहा, पण २०१२ च्या भागात नको.

माझी सरळसरळ चूक कुठली ते आता. मार्शलला अल्सर झालाच नव्हता. जंतू प्यायल्यावर त्याला जठराचा दाह झाला, गॅस्ट्रायटिस. हा फरक मला आधी बारीकसा वाटला, पण टेबलमधे "कोणाला उत्तर" हा कॉलम भरताना सगळं त्याच्यावरच फिरलं. कारण टीकाकार म्हणत होते की जंतू अल्सरच्या पेशंटमधे दिसतो एवढ्यावरून त्याने अल्सर होतो असं ठरत नाही, आधीच खराब झालेल्या जागेत तो नंतर येऊन राहत असेल. मार्शलच्या प्रयोगाने एवढंच दाखवलं की निरोगी जठरात हा जंतू दाह करू शकतो. अल्सरचा प्रश्न तसाच उरला. तो सुटला औषधांच्या चाचण्यांतून, १९८७-८८ पासून पुढे, ज्यात दिसलं की जंतू मारला तर बरा झालेला अल्सर परत येण्याचं प्रमाण खूप कमी होतं. १९९४ मधे अमेरिकेच्या एनआयएचच्या तज्ज्ञांच्या बैठकीने अशा पेशंटना अँटिबायोटिक द्यावीत असं म्हटलं. म्हणजे १९८५ हा शेवट नव्हे, मधली पायरी आहे. यादीत मात्र तो शेवटच दिसत होता, कारण ती गोष्ट सगळ्यात रंगतदार आहे आणि रंगतदार गोष्ट आपण शेवटी ठेवतो.

अर्धसत्य म्हणजे "जिवाणूंचा शोध लावला". जठरात जिवाणू आहेत हे तर १९४० मधेच दिसलं होतं, माझ्याच ड्राफ्टमधे दोन ओळी आधी लिहिलंय! वॉरेन-मार्शलनी जे नवीन केलं ते म्हणजे तो जंतू वाढवून दाखवला आणि दाहाशी त्याचं नातं मांडलं. "शोध लावला", "सिद्ध केले", "प्रथमच" हे शब्द कंट्रोल-एफ करून एकेक तपासा, क्रोनोलॉजिकल रिव्ह्यूमधे ते सगळ्यात जास्त खोटे ठरतात.

पुढचा अडथळा सगळ्यांनाच येतो, एका वेळी दोन-तीन विचार समांतर चालू असतात. माझ्याकडे आम्लाचा धागा होता आणि जंतूंचा. सालाप्रमाणे लावलं की १९५४ जंतू, १९७६ सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध, १९८३ जंतू, मग पुन्हा आम्लाचं औषध, वाचणारा टेबल टेनिसचा बॉल होतो. इथे कडक क्रम सोडून द्या. एक धागा एका ठरावीक वळणापर्यंत पूर्ण न्या, मग उघड सांगून मागे या ("याच काळात, १९४० पासून, दुसऱ्या बाजूला..."), आणि दोन्ही धागे जिथे भेटतात तिथे एकत्र करा. मागे येणं चालतं, न सांगता मागे येणं चालत नाही.

आणि धागे कुठे भेटतात हे शोधायची एक खूण आहे, एका धाग्यातली न सुटलेली अडचण दुसऱ्या धाग्यात सुटते. सिमेटिडीन आल्यावर अल्सर बरा व्हायला लागला, पण औषध थांबवलं की अनेकांना तो परत यायचा. आम्लाच्या विचाराकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं. जंतूंच्या धाग्याने ते दिलं. हे एकदा दिसलं आणि माझा अख्खा रिव्ह्यू दोन तासांत लागला, खरंच सांगते, आधीचे तीन आठवडे वाया घालवल्यासारखे वाटले.

मग तोच भाग असा झाला:

"१९१० पासून अल्सरचा विचार आम्लाभोवती फिरत राहिला आणि १९७६ मधे आलेल्या सिमेटिडीनने तो बळकट केला, कारण आम्ल कमी केल्यावर अल्सर खरोखर भरून येत होता. मात्र उपचार थांबवल्यावर तो का उलटतो, याचे समाधानकारक उत्तर या विचारात नव्हते. जठरातील जिवाणूंची नोंद १९४० मधेच झाली होती, पण १९५४ मधे पामर यांना वेगळ्या स्टेनने हजाराहून अधिक बायोप्सींत ते न दिसल्याने ती बाजूला पडली. १९८३ मधे वॉरेन आणि मार्शल यांनी हे जिवाणू पुन्हा दाखवले तेव्हा आक्षेप त्यांच्या अस्तित्वावर नव्हे तर कारणत्वावर आला. १९८५ च्या स्वतःवरील प्रयोगाने त्यातील दाहापुरता भाग सुटला. अल्सरविषयीचा भाग जंतुनाशक उपचारांच्या चाचण्यांनी सुटला."

पेपर जवळपास तेच, लांबी थोडी जास्त. यात अदलाबदल करून बघा, जमणार नाही.

भाग कुठे तोडायचे याबद्दल थोडक्यात. दशकांवर तोडू नका, १९७१-८० असं हेडिंग दिलं की त्यात जे बसेल ते कोंबलं जातं. जिथे प्रश्न बदलला तिथे तोडा. माझे तीन भाग झाले, आम्ल किती आहे हा प्रश्न, जंतू आहे का हा प्रश्न, आणि जंतूमुळे होतं का हा प्रश्न. पहिला भाग साठ-सत्तर वर्षांचा, शेवटचा जेमतेम दहा, चालतं. हेडिंगमधे प्रश्न लिहा आणि सालं कंसात.

एक गोष्ट गाईडने तिसऱ्या वेळी सांगितली ती मला स्वतःला सुचली नसती. मी पामरबद्दल "चुकीचा निष्कर्ष काढला" असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "१९५४ मधे तू असतीस तर कोणाचं मानलं असतंस?" पामरचंच, हजारावर पेशंट होते त्याच्याकडे! शेवट माहीत असल्यामुळे आपण जुन्या लोकांना नापास करत सुटतो आणि मग विचार का टिकला हेच कळत नाही. प्रत्येक भागात त्या वेळी हाताशी असलेल्या पुराव्यावर तो विचार का पटत होता याचं निदान एक वाक्य हवं. त्याचीच उलटी बाजू म्हणजे नवीन विचाराने जुना पुसून टाकला असं लिहिणं. आम्ल कुठे गेलं नाही, जंतू मारायच्या उपचारात आम्ल कमी करणारी गोळी अजूनही असतेच, आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे होणारा अल्सर जंतूशिवायही होतो.

आता हे सगळं करूनही शेवटची आठ-दहा वर्षं पुन्हा यादीसारखी दिसतील. तिथे धडपड करू नका. इतक्या जवळच्या कामात कुठला पेपर वळण ठरणार हे अजून ठरलेलं नसतं, आणि एकाच वर्षात पंधरा पेपर असतील तर कोण कोणाला उत्तर देतंय हा प्रश्नच लागू होत नाही, त्यांनी एकमेकांचे पेपर छापण्याआधी वाचलेलेही नसतात. तो भाग विषयवार करा, सुरुवातीला एक वाक्य टाका की इथून मांडणी विषयानुसार आहे. आणि तुमचं सगळंच साहित्य गेल्या पाच-सात वर्षांतलं असेल तर क्रोनोलॉजिकल करायला सांगितलेलं असलं तरी हे टेबल घेऊन गाईडना जाऊन भेटा, "कोणाला उत्तर" हा कॉलम अर्ध्याहून जास्त रिकामा दिसला की बोलणं सोपं जातं. माझ्या ज्युनियरचं तसंच झालं, तिने टेबल दाखवलं आणि विषयवार मांडणीच कायम राहिली.